ती आली होती की नाही

दुपारची ओपीडी संपत आली होती. बाहेरच्या बाकावर तीनच बायका उरल्या होत्या, आणि माझ्या पोटात कावळे ओरडत होते. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. दवाखान्याच्या नावाखाली नेटवर कोणी काही लिहिलं की मला कळतं, तशी सोय मीच करून घेतली होती. उघडून पाहिलं तर एकच तारा, आणि खाली लांबलचक मजकूर.

डॉक्टर उद्धट आहे, तपासायच्या आधीच ओरडते, चुकीचे उपचार करते, त्यामुळे आमच्या घराचं नुकसान झालं, कोणत्याही शहाण्या माणसाने या दवाखान्याची पायरी चढू नये. आणि शेवटी, "डॉक्टरमध्ये हिंमत असेल तर नेमके कोणते उपचार केले आणि किती वेळा बोलावले, ते इथे सर्वांसमोर लिहावे." वर एका बाईचं नाव होतं, आडनावासकट.

मंगरूळपीरला बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत माझा दोन खोल्यांचा दवाखाना आहे. पाटीवर तसं लिहिलेलं नाही, पण येतात बहुतेक बायकाच. मी ओरडते हे खरं आहे. औषध अर्ध्यात सोडलं की ओरडते, सहा महिने दुखणं अंगावर काढून आलेल्या बाईवर तर फारच. पण चुकीचे उपचार? माझं डोकं फिरलं. उरलेल्या तिघींना कसंबसं तपासलं, आणि रिसेप्शनवरच्या काकूंना हाक मारून म्हटलं, हिचा कागद काढा.

काकू माझ्याकडे दवाखाना उघडल्यापासून आहेत. त्यांची कागद लावायची पद्धत त्यांची स्वतःची आहे. नावाने नाही, गावाने. नावं सारखी असतात, गाव सांगितलं की त्यांना चेहरा आठवतो. त्यामुळे दवाखान्यात बाईचं नाव कोणी मोठ्याने घेत नाही, "केनवडवाल्या, आत या" एवढंच ऐकू येतं. ही पद्धत मला पूर्वी गावंढळ वाटायची. आता मला तिच्याबद्दल फार आदर आहे. काकूंनी गठ्ठ्यातून कागद काढून दिला. ती कोणत्या गावची होती ते मी सांगणार नाही. कामरगाव समजा, म्हणजे ते नक्की नव्हतं.

ती कशासाठी आली होती, तेही इथे लिहिणार नाही. कागद वाचल्यावर मला सगळं आठवलं. मी काय विचारलं, ती काय म्हणाली, मी काय समजावलं, तिने कुठे सही केली, सगळं माझ्याच अक्षरात होतं. चार ओळी लिहिल्या असत्या तर तो मजकूर लिहिणाऱ्याला पुन्हा तोंड वर करता आलं नसतं. आणि मी त्या चार ओळी लिहिल्यासुद्धा. तारीख घातली, तक्रार घातली, सल्ला घातला, आणि शेवटी "खोटे आरोप करण्यापूर्वी विचार करावा" असा टोलाही हाणला. वाचून इतकं बरं वाटलं की भूकही विसरले.

पाठवायच्या आधी काकूंना वाचून दाखवलं. शाबासकी हवी होती, दुसरं काय.

काकूंनी शाबासकी दिली नाही. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मॅडम, हे बाई मले पक्की याद हाय. पूरा टाइम तोंडावरचा पदर नाई काढला तिनं. घरी कोनाले मालूम होऊ देऊ नका, असं तुमच्यासंग बोलली, माह्यासंगही बोलली. ते बाई चव्हाट्यावर कायले लिवन?"

"राग आला असेल."

"राग आला तं घरात भांडे आपटन. अन् किती वेळा बोलावलं, हे तुमाले काहून इचारून राह्यली? तिले मालूम नाई का, किती वेळा आली ते?"

मी पुन्हा शेवटची ओळ वाचली. जिला माहीत आहे ती विचारत नाही. विचारतो तो, ज्याला माहीत नाही. नाव तिचं होतं, पण तो मजकूर तिचा नव्हता. घरातल्या कोणाला तरी ती काय करून आली ते जाणून घ्यायचं होतं. तिने सांगितलं नसेल म्हणून त्याने मला डिवचलं होतं, माझा राग ओळखून. आणि मी, शिकलेली सवरलेली बाई, तारीख-वारासकट उत्तर टाइप करून बसले होते. बोट तेवढं टेकवायचं राहिलं होतं.

माझं ते उत्तर मी पुसलं, आणि चुकून कुठे राहिलं तर नाही ना, म्हणून तीनदा तपासलं.

मग दुसरा विचार आला, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. ती इथे आली होती हे घरच्यांना कळलं कसं? पाहणारं कोणी असेल म्हणावं, तर तिने संशय नको म्हणून बाजाराचा दिवस निवडला होता. काकूंकडून कळणं शक्य नाही. मी काकूंना विचारलं, कागदावर फोन नंबर कोणाचा आहे?

काकूंनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "तो फोन नंबरचा डबा खाली सोडला तं म्होरं जात नाई ना तुमचं यंत्र. तिनं म्हनलं, मले नवऱ्याचाच नंबर पाठ हाय. मी म्हनलं, टाका बाई, आमी कोनाले फोन नाई करत."

काकूंनी शब्द पाळला होता. फोन कोणीच केला नव्हता. पण दोन महिन्यांपूर्वी मुख्य रस्त्यावर नवीन हॉस्पिटल उघडलं, त्यांच्या नावापुढे ताऱ्यांची रांग लागली, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. यंत्रवाल्याने सुचवलं म्हणून मी एक सोय चालू केली होती. पेशंट तपासून गेली की संध्याकाळी तिच्या नंबरवर आपोआप मेसेज जायचा: आमच्या दवाखान्यात आल्याबद्दल आभार, आपला अनुभव कसा वाटला ते जरूर लिहा. खाली दवाखान्याचं नाव, आणि तारे द्यायची लिंक. काकूंना ते सांगायची मला गरज वाटली नव्हती. त्यांना कॉम्प्युटरमधलं काय कळतं, असं मला वाटलं होतं.

पाठवलेल्या मेसेजांची यादी उघडली. तिचा कागद ज्या दिवशीचा, त्याच संध्याकाळी तिच्या नवऱ्याच्या नंबरवर मेसेज पोचला होता. आभार मानून, अनुभव विचारून.

जेवणाचा डबा तसाच राहिला. मला माझीच किळस आली, हे सरळच सांगते. ताऱ्यांच्या हावेपायी मी एका बाईच्या घरात काडी टाकली होती, आणि आता त्या घरातला माणूस माझ्या दारात उभा राहून मलाच फुंकर घालायला सांगत होता. मेसेजची सोय मी तिथल्या तिथे बंद केली. पण गेलेला मेसेज परत येत नसतो.

उत्तर मात्र द्यायलाच हवं होतं. गप्प बसले तर तो आणखी लिहील, आणि वाचणाऱ्या इतर बायका घाबरतील. नेटवरच्या आरोपांना उत्तर कसं द्यावं यावर डॉक्टरांच्या एका बैठकीत मी पूर्वी ऐकलं होतं, म्हणजे चहाची वाट बघत अर्धवट ऐकलं होतं. उपचाराचं काही लिहू नये, एवढं लक्षात होतं. म्हणून दुसरं उत्तर अगदी नम्रपणे लिहिलं: "आपल्या भेटीच्या वेळी आपल्याला त्रास झाला याबद्दल दिलगीर आहोत."

काकूंनी वाचलं आणि बोट ठेवलं. "इथं लिवलं ना तुमी, आली व्हती म्हनून."

खरंच होतं. उपचाराचा एक शब्द नव्हता, भाषा मधाळ होती, आणि त्याला जे हवं ते मी पहिल्याच दोन शब्दांत देऊन टाकलं होतं. मग उलट लिहावं का, की अशा नावाची बाई आमच्याकडे आलीच नाही? ते खोटं झालं असतं. आणि खोटं एकदा लिहिलं की पुढच्या वेळी जिच्याबद्दल मी "आली नाही" असं लिहिणार नाही, ती आली होती हे आपोआप ठरलं असतं. काय करावं सुचेना. आली होती म्हणायचं नाही, आली नव्हती म्हणायचं नाही, आणि तरी नमस्कार-चमत्कार करून माणसासारखं बोलायचं. सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेल्या गाड्या गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवत होत्या, आणि मी एकेक शब्द खोडत होते. संध्याकाळची ओपीडी सुरू व्हायच्या आधी जे उरलं ते असं:

"नमस्कार. आपण लिहिलेले वाचले. आमच्या बोलण्या-वागण्याने कोणालाही दुखावल्यासारखे वाटले तर त्याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. कोणतीही व्यक्ती आमच्याकडे आली होती की नाही, याबद्दल आम्ही इथे किंवा इतर कुठेही, कोणालाही काही सांगत नाही. हा नियम सगळ्यांसाठी सारखा आहे. ज्यांना स्वतःच्या तब्येतीबद्दल किंवा आमच्या कामाबद्दल काही विचारायचे असेल, त्यांनी स्वतः दवाखान्यात यावे. त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेऊ."

"शांतपणे" या शब्दावर काकू हसल्या. त्या दिवसातलं तेवढंच हसू. मी बटण दाबलं. आता तिकडे त्याचा फोन वाजला असेल, असं मनात आलं, आणि तो वाचताना ती कुठे उभी असेल, हेही.

दुसऱ्या दिवशी त्याने मजकुरात भर घातली. "गोड बोलून डॉक्टर लपवाछपवी करतात. सत्य बाहेर काढू." मी तो मजकूर काढून टाकावा म्हणून तक्रार केली. नियमभंग दिसत नाही, असं ठरावीक उत्तर आलं. त्या माणसाला मी पुन्हा उत्तर दिलं नाही. पहिलं होतं तेच राहू दिलं.

आणि त्याच दिवशी समोरच्या पानटपरीपाशी एक मोटारसायकल उभी राहायला लागली. सकाळी होती, दुपारी होती. त्यावर बसलेला माणूस फोनमध्ये बघत असे, आणि दवाखान्याचं दार उघडलं की मान वर करत असे. येणाऱ्या प्रत्येक बाईकडे तो नीट बघत होता. मला स्वतःची भीती नव्हती. मला भीती होती की ती येईल. माझं उत्तर वाचून, "स्वतः या" असं लिहिलंय म्हणून, बिचारी खरंच येईल आणि त्याच्या समोरून पायरी चढेल.

ती आली नाही. तिसऱ्या दिवशी तो आत आला.

चपला बाहेर काढून, नमस्कार करून आला. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. आवाज इतका मऊ, की ऐकायला पुढे झुकावं लागावं. आरडाओरडा करणाऱ्या नवऱ्यांची मला सवय आहे, त्यांना मी दुप्पट आवाजात गप्प करते. याच्यासमोर ते चालणार नव्हतं.

"मॅडम, तुमचं उत्तर वाचलं. लय चांगलं लिवलं. रिव्यू मीच टाकला व्हता, बायकोच्या नावानं. तिले कुठं येते टायपिंग."

मी बसा म्हटलं. तो बसला नाही.

"एकच सांगा. आली व्हती का नाई?"

"मी कोणाबद्दलच काही सांगत नाही."

"मी नवरा आहो तिचा."

"नवऱ्यालाही नाही, सासूलाही नाही. उद्या तुम्ही इथे तपासून गेलात आणि तुमच्या घरचं कोणी विचारायला आलं, तर त्यांनाही हेच ऐकावं लागेल."

तो थोडा हसला. "नसती आली, तं तुमी सरळ नाई म्हनलं असतं. म्हंजे आली व्हती."

हीच फट मला भीती घालत होती. मी म्हटलं, "जिचं नावसुद्धा मी कधी ऐकलेलं नाही अशा बाईबद्दल तुम्ही विचारलं असतं, तरी मी हेच बोलले असते. बाहेर बसल्यात त्यांच्यातल्या कोणाबद्दलही विचारून बघा."

त्याने दाराकडे पाहिलं. मग फोन काढला. "तुमाले तारे पायजेत ना? पाच देतो. अर्ध्या गावाकून देववतो. फक्त काय औषध देल्लं तेवढं सांगा. तिच्या भल्यासाठीच इचारून राह्यलो."

मी नकारार्थी मान हलवली. तेव्हा त्याने तो मेसेज उघडून माझ्यासमोर धरला. आभार, अनुभव, दवाखान्याचं नाव. "मंग हे काहून आलं माह्या फोनवर?"

खोटं बोलायला तोंड उघडलं असतं तर ते त्याला माझ्या चेहऱ्यावरच दिसलं असतं. तेवढ्यात दारातून काकूंचा आवाज आला. हातात गठ्ठा, चष्मा कपाळावर.

"ते मेसेज कोनालेही जात व्हते, भाऊ. आकडे मी टाकतो, अन् मले धड दिसत नाई. मांगच्या महिन्यात एका संत्र्याच्या बागवाल्याले गेला. त्यानं फोन करून मले झाप झाप झापलं, म्हने मी कवा आलो बायकाच्या दवाखान्यात?"

बागवाल्याची गोष्ट शब्दन् शब्द खरी होती; तो कोणत्या मेसेजवरून झापतोय ते काकूंना तेव्हा कळलं नव्हतं, आता कळलं होतं. काकूंनी तिचा आणि समोरच्या मेसेजचा संबंध आहे असं म्हटलं नव्हतं, नाही असंही म्हटलं नव्हतं. दुपारभर शब्द खोडून मला जे साधलं नव्हतं, ते त्यांनी दारात उभ्या उभ्या केलं. त्याने फोन खिशात घातला, माझ्याकडे वळून तितक्याच मऊपणे म्हणाला, "पाहतो," आणि चपला घालून गेला. दुसऱ्या दिवसापासून मोटारसायकल दिसली नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. इथे नाही म्हणजे तो घरी आहे, एवढंच कळत होतं.

मी काय करू शकत होते? तिला फोन करायचा तर तो त्याच्याच खिशात वाजणार. गावात जायचं तर माझी गाडी चार घरं ओळखतात. निरोप कोणाकडे देणार? काहीच न करणं हेच तेवढं करण्यासारखं होतं, आणि माझ्या स्वभावाच्या बाईला त्याहून मोठी शिक्षा नाही. कामरगावची जीप आली, केनवडची एसटी आली, की मी दाराकडे बघायची.

तीन आठवड्यांनी ती आली. सासूबरोबर.

काकूंनी तिला दारातच ओळखलं असणार, पण त्यांनी चेहऱ्यावरची माशी हलू दिली नाही. "पयल्यांदाच आले का?" असं दोघींच्या मध्ये कुठेतरी बघत विचारलं. सासू म्हणाली, "हाव, पयल्यांदाच." काकूंनी कोरा कागद घेतला. फोनचा डबा आता आमच्याकडे मोकळा सोडता येत होता, तेवढं मी करून घेतलं होतं.

आत आल्यावर सासू माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली आणि थेट म्हणाली, "बाई, खरं सांगा. हे आधी तुमच्याकडे आली व्हती का?"

ती सासूच्या मागे उभी होती. या खेपेस पदर तोंडावर नव्हता; तोंडाला कापडाचा स्पर्शही सोसवत नव्हता, ते मला दिसत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी पेन उचललं, तिच्याकडे वळून, शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं, "नाव काय बाई?"

तिने नाव सांगितलं. मला ते पाठ होतं, तरी एकदा चुकीचं ऐकू आल्यासारखं करून मी पुन्हा विचारलं, आणि लिहिलं. सासूला म्हटलं, कोण आली होती आणि कोण नाही हे मी कोणालाच सांगत नसते. "तेच तं लिवलं व्हतं तुमी तिथं," सासू पुटपुटली.

ती त्या दिवशी कशासाठी आली होती, तेही लिहिणार नाही. एवढंच सांगते की सासूने "न्हानीत पडली" असं सांगितलं, आणि मी ते तिचे शब्द म्हणून कागदावर लिहिलं, आणि त्याखाली मला जे दिसलं ते लिहिलं. मग पडदा ओढून तिला आतल्या पलंगावर घेतलं. सासू उठायला लागली, तेव्हा काकूंनी तिला वजन, वय, गाव विचारून बाहेरच्या टेबलाशी अडकवून ठेवलं.

पडद्याआड मी तिला हळू आवाजात विचारलं, पोलिसांत कळवायचं का. तिने मान हलवली, नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी बायकांना मदत मिळते ती जागा कुठे आहे ते सांगितलं, कागदावर लिहून न देता, आणि तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. तिने ते नीट म्हटलं. मग तीच बोलायला लागली, ओठ जेमतेम हलवत.

"तुमी लिवलं ते त्यानं मले वाचून दाखवलं. म्हने बघ, डॉक्टरनं सारं कबूल केलं. म्या आयकलं तं त्याच्यात काईच नव्हतं. तवा समजलं, तुमी सांगतलं नाई. मंग म्याही नाई सांगतलं. अजून त्याले पक्कं मालूम नाई."

मी तिचा हात धरून उभी होते. मला रडू येत होतं आणि ते मी तिला दाखवू शकत नव्हते.

बाहेर काकू सासूला विचारत होत्या, गावाकडून सकाळी कोणती गाडी असते. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "बाई, तो मेसेज तुमीच धाडला व्हता का?"

"हो," मी म्हटलं. "मीच."

तिने माझ्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला, पदर सारखा केला, आणि म्हणाली, "मंग आता कोनाले नका धाडू."